परदेशी शेअर: चलनाची जोखीम घ्यावी की फॉरवर्डने बांधावी?

एका मित्राचा प्रश्न: परदेशी शेअर घेताना चलन मोकळं सोडू की फॉरवर्ड करारानं, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला ते चलन विकायचा भाव आजच ठरवून, बांधून घेऊ?

समजा, आपले १०० देऊन तिकडचे १०० घेतले. वर्षात शेअर २० टक्के चढला, पण ते चलन १० टक्के पडलं. बरेच जण २० मधून १० वजा करतात. खरा हिशोब गुणाकाराचा: १.२० × ०.९० = १.०८. हाती ८ टक्केच.

आता तिकडचे १०० वर्षानंतर विकायचा करार. तिकडचा व्याजदर साधारण ४ टक्के जास्त असेल, तर वर्षानंतरचा फॉरवर्ड भाव ०.९६ च्या आसपास मिळतो. ही फी नव्हे, व्याजातला फरक आहे. मूळ १०० चे ९६ आले. वरचे २० मात्र बांधलेले नव्हते, ते ०.९० नं विकून १८. एकूण ११४, म्हणजे १४ टक्के. चलन जागच्या जागी राहिलं असतं, तर मोकळ्याला २० आणि बांधलेल्याला १६.

खरी गोची उलट्या वेळी. शेअर २० टक्के पडला आणि चलन १० टक्के चढलं, तर मोकळ्याचे ८८ उरतात. बांधलेल्याला १०० द्यायचेत, हातात ८०. उरलेले २० तो १.१० नं विकत घेतो. ९६ वजा २२, उरले ७४!

दोन-तीन वर्षांत ठरलेला खर्च आपल्या चलनात असेल, तर बांधा, पण पोर्टफोलिओ हलला की कराराची रक्कमही बदला. पैसा दहा-पंधरा वर्षं लागणार नसेल, किंवा तिकडचं चलन बाजार पडताना चढत असेल, तर मी मोकळं ठेवीन.