पाचवीतलं अपूर्णांकांचं वर्कशीट: तिरका गुणाकार शिकवू की छेद सारखे करू?

आमच्या सांगलीत गल्लीतले दोन-तीन पालक हल्ली हेच विचारतात, कारण वर्कशीट घरी येतं आणि आपण शिकलेलं वेगळं, बाईंनी शिकवलेलं वेगळं. मी दोन्ही करून बघितलंय, पोरगं पाचवीत आहे, म्हणून लिहितो.

वर्कशीटवरची ही जोडी बघा, ३/४ आणि ५/६. आधी कुठला मोठा ते विचारलेलं, आणि त्याच्याच खाली बेरीज.

तिरका गुणाकार म्हणजे आपल्या पिढीचं आवडतं हत्यार. ३ गुणिले ६ अठरा, ४ गुणिले ५ वीस, वीस मोठे म्हणून ५/६ मोठा, संपला विषय, पाच सेकंदात. मी पण हेच शिकवलं, आणि पोरानं ते इतकं मनावर घेतलं की खालच्या बेरजेत पण तिरकं गुणलं, अठरा अधिक वीस, आणि उत्तर लिहिलं ३८. नुसतं ३८! पाऊण भाकरी आणि अजून एक भाकरीपेक्षा कमीच तुकडा, आणि बेरीज अडतीस भाकऱ्या. मी आधी हसलो, मग ओरडलो, मग रात्री लक्षात आलं की चूक माझीच आहे. कारण ते १८ आणि २० म्हणजे खरंतर १८/२४ आणि २०/२४, खालचे २४ दोन्हीकडे सारखेच असतात म्हणून तुलना करताना लिहायची गरज पडत नाही, पण आपण ते पोराला सांगतच नाही. त्याला वाटतं छेद कुठंतरी गायब झाला. मग मी सांगितलं की बेरजेत खाली छेदांचा गुणाकार लिहायचा, तर तो पुढच्या तुलनेच्या गणितात पण लिहायला लागला. एकच गुणाकार, दोन नियम, आणि कुठला कुठं लावायचा ते दर वेळी मला विचारणार. मला तरी ह्या एकाच गोष्टीनं वैताग आणला.

आता छेद सारखे करणं. मोठा छेद ६, त्याचा पाढा म्हणायचा, सहा, बारा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं की चारनं भाग जातो का. सहाला नाही, बाराला जातो, थांबायचं. मग ३/४ चे ९/१२, ५/६ चे १०/१२. कुठला मोठा ते समोर दिसतंय, आणि बेरीज १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. दोन्ही प्रश्नांना तेच काम. तिरक्यानं बेरीज ३८/२४ येते, उत्तर तेच, पण त्याला परत दोननं भागत बसा.

आणि वर्कशीट नीट बघितलं तर ह्याच्या आधी ३/४ = □/१२ असली चौकट भरायला दिलेली असते, ती उगाच नसते, पुढच्या गणिताची पहिली पायरीच ती. आपण मधेच तिरकं घुसवलं की ती चौकट पोराला वेगळाच धडा वाटते.

ह्या पद्धतीत पण घोळ होतो, नाही असं नाही. पोरं छेदाला तीननं गुणतात आणि अंश तसाच ठेवतात, ३/४ चे ३/१२. त्याला मी चौकटीच्या वहीत बारा चौकोनांची पट्टी आखायला लावतो, पाऊण पट्टी रंगव म्हणतो, नऊ चौकोन रंगतात. तीनच रंगवले तर पाव पट्टी झाली, आणि पाऊण किलो मागितल्यावर दुकानदारानं पाव किलो दिलं तर घेशील का विचारलं की गडी खोडरबर शोधतो. वर-खाली सरळ बेरीज करून ८/१० लिहिलं तरी हेच, पाऊण आणि अर्ध्यापेक्षा जास्त मिळून एकापेक्षा कमी कसं होईल? (आमच्या आजोबांना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, त्यांना कागदच लागत नाही, ते सोडा.)

तिरक्याचा एक फायदा मानावा लागेल. ७/९ मोठा की ११/१३ असं आलं तर तेराचा पाढा ११७ पर्यंत म्हणत बसण्यापेक्षा ९१ आणि ९९ लगेच निघतात, शिष्यवृत्तीच्या पेपरात वेळ कमी असतो तिथं कामाला येतं. आणि बाईंनी वहीत तिरकंच करून दिलं असेल तर तुम्ही उलटं काही सुरू करू नका, फक्त खाली छेदांचा गुणाकार दर वेळी लिहायला लावा, तुलनेत सुद्धा.

पण वहीत दोन्ही नसेल आणि तुमच्यावरच असेल तर मी पाढ्यापासून सुरू करेन. आमच्याकडं तिरकं आता दिवाळीनंतर काढायचं ठरलंय, तोपर्यंत ३८ चा तो कागद फ्रिजवर लावलाय, पोरगं स्वतःच पाहुण्यांना दाखवतं.