चार इंची की सहा इंची: बडोद्यातल्या एका पार्टिशनचा हिशोब

दांडिया बाजारातल्या आमच्या काकांना हॉलमधून एक खोली काढायची होती. भिंत ४.२२ मीटर लांब, स्लॅबखाली उंची २.९ मीटर, आणि दारासाठी ०.९ बाय २.०५ मीटरची मोकळी जागा. ६०० बाय २०० मिमीचे एएसी ब्लॉक १०० मिमी, म्हणजे चार इंची जाडीचे घ्यावेत की १५० मिमी, म्हणजे सहा इंची, एवढाच प्रश्न होता.

आधी नग मोजू. मी चौरस मीटरवरून मोजत नाही, थर मोजतो. जोड ३ मिमीचा धरला की एक थर २०३ मिमीचा होतो. तळाला २० मिमी सिमेंट-रेतीचा माल लेव्हलसाठी सोडला की १४ थर बसतात आणि स्लॅबखाली साधारण ३८ मिमी फट उरते, ती शेवटी भरायची. एका थरात ७ ब्लॉक, म्हणजे ९८. दाराच्या १० थरांतले दीड-दीड ब्लॉक वजा केले की ८३ उरतात.

हा आकडा दोन्ही जाडींना सारखाच, आणि इथेच गफलत होते. विक्रेता भाव घनमीटरचा सांगतो. एका घनमीटरात चार इंची ८३ येतात, सहा इंची ५५. कुणाच्या सहा इंची भिंतीवरून ५५ चा आकडा धरून चार इंचीची ऑर्डर दिली, तर माल दीडपट येऊन पडतो.

पातळ चार इंची भिंतीत मी दारावरच्या थराच्या जागी आरसीसी पट्टा घालतो, तोच लिंटेलचं काम करतो. तेव्हा ७६ ब्लॉक, तुटफुटीसह ८०. सहा इंचीत फक्त दारावर लिंटेल. तिथे ८१, तुटफुटीसह ८५.

जोडायच्या केमिकलचा फरक मात्र जाडीनेच पडतो. चार इंची ब्लॉकला साधारण ३५० ग्रॅम लागतं, सहा इंचीला ५२० ग्रॅम. सांडलवंड धरून पहिल्याला ३२ किलो, म्हणजे ४० किलोची एक गोणी पुरते. दुसऱ्याला ५० किलो, म्हणजे दोन गोण्या. पण कडियाने दातेरी थापी सोडून नेहमीच्या थापीने माल पसरला की जोड ६ मिमीचा होतो, मग केमिकल दुप्पट जातं आणि वर चौदावा थरही बसत नाही. म्हणून पाच थर झाले की टेप लावा: तळाच्या मालावरून १०१५ मिमी यायला हवेत.

काकांना मी चार इंची सुचवली. तिथे भिंतीखाली बीम नव्हता, आणि कोरड्या ब्लॉकांचंच वजन सुमारे ६०० किलोवर राहतं. सहा इंचीत ते ९०० च्या वर जातं. चार इंचीचं वजनही चालेल का, हे इंजिनियरला दाखवूनच काम सुरू केलं. मात्र चार इंचीत ५० मिमी खोल स्विचबोर्डाचे डबे दोन्ही बाजूंनी समोरासमोर आले तर भिंत आरपार होते, म्हणून ते एकमेकांपासून एक ब्लॉक सरकवून घेतले. भिंतीला बेसिन टांगायचं असतं, तर मी सहा इंचीच म्हटलं असतं.