बचत गटाची पासबुकं गूगल शीटवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाळवा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची सभासद पासबुकं शीटवर चढवून सभासदनिहाय बचत-कर्ज गोषवारा काढायची ही पद्धत गेले काही महिने वापरात आहे. गोषवारा नीट निघतो, लाभांश वाटपाआधी तर फारच उपयोगी पडतो. पण शीट फक्त बेरीज करते. चुकीच्या रकान्यात लिहिलेली रक्कम ती आपणहून दाखवत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

पासबुकाचा आडवा तक्ता जसाच्या तसा उतरवू नका. तारीख, बचत, कर्ज, मुद्दल, व्याज, दंड, बाकी असे रकाने प्रत्येक सभासदासाठी वेगळ्या पानावर भरले, तर पुढे एकत्र बेरीज करणं जिकिरीचं होतं. त्याऐवजी ‘नोंदी’ नावाच्या एकाच पानावर प्रत्येक रकमेला एक ओळ द्या: तारीख, सभासद क्रमांक, प्रकार, रक्कम, शेरा. एका बैठकीत एकीने बचत, मुद्दल आणि व्याज दिलं तर तीन ओळी होतात. लिहिणं वाढतं, पण पुढचं सगळं सोपं जातं. नावाऐवजी क्रमांक वापरा, कारण एकाच बाईचं नाव पासबुकात तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. प्रकार टाईप न करता ड्रॉपडाउनमधून निवडा. शब्दामागे एक मोकळी जागा राहिली तरी ती ओळ बेरजेतून सुटते.

गोषवाऱ्याच्या पानावर A रकान्यात सभासद क्रमांक, B मध्ये नाव आणि C1 पासून पुढे बचत, कर्ज वाटप, मुद्दल, व्याज, दंड अशी शीर्षकं. मग C2 मध्ये हे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=SUMIFS('नोंदी'!$D:$D,'नोंदी'!$B:$B,$A2,'नोंदी'!$C:$C,C$1)
```

कर्जबाकी म्हणजे कर्ज वाटपातून मुद्दल वजा, `=D2-E2`. पासबुकातली बाकी शेजारच्या रकान्यात हाताने लिहा आणि दोन्हींतला फरक काढा. तो शून्य आला की आकडे नीट उतरवले गेले, एवढंच कळतं. पासबुक बरोबर आहे हे त्यातून कळत नाही.

एक उदाहरण घ्या. सभासद क्रमांक ७ ने जूनच्या बैठकीत १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज महिना शेकडा २, मुद्दल दरमहा १,०००. जुलैत १,२०० आले, त्यात व्याज २००, बाकी ९,०००. ऑगस्टमध्ये १,१८०, बाकी ८,०००. सप्टेंबरला उसाचं बिल आलं नव्हतं, तिने १,०००च दिले आणि ते अख्खे मुद्दलात लिहिले गेले. बाकी पडली ७,०००. गटाचा नियम आधी व्याज, मग मुद्दल असा असेल तर १६० व्याजात आणि ८४०च मुद्दलात जायला हवेत. म्हणजे खरी बाकी ७,१६० आणि गटाच्या व्याज उत्पन्नात १६० कमी.

ही चूक रोकड जुळवून सापडत नाही. बचत, व्याज आणि दंडाच्या बेरजेतून कर्जबाकी वजा केली की हातातली रोकड अधिक बँकेतली शिल्लक यायला हवी, हा ताळा बहुतेक सचिव करतात. (फिरता निधी, बँकेचं व्याज आणि गटाचा खर्चही त्यात धरावा लागतो.) पण इथे व्याज १६० ने कमी धरलं गेलं आणि बाकीही १६० ने कमी, त्यामुळे ताळा तंतोतंत जुळतो. म्हणून वेगळं ‘तपासणी’ पान लागतंच. तिथे A1 मध्ये सभासद क्रमांक आणि A3 पासून खाली बैठकांच्या तारखा लिहा. कर्ज वाटप आणि मुद्दल यांच्या SUMIFS मध्ये $A2 च्या जागी $A$1 आणि C$1 च्या जागी अवतरणात प्रकाराचं नाव लिहून ही अट वाढवा, मग वाटपातून मुद्दल वजा केलं की त्या बैठकीआधीची बाकी मिळते:

```
'नोंदी'!$A:$A,"<"&$A3
```

तिला ०.०२ ने गुणून येणारं व्याज प्रत्यक्ष जमा व्याजाशेजारी ठेवा. सप्टेंबरच्या ओळीत १६० समोर शून्य लगेच दिसतं. बैठक बुडालेल्या महिन्यांसाठी मात्र व्याज हाताने वाढवावं लागतं.

आकड्यांची दोन दुखणी वारंवार येतात. मराठी कीबोर्डवरून ‘२००’ लिहिलं की शीट त्याला मजकूर धरते आणि बेरजेत घेत नाही. अशी रक्कम चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते. रकमा 200 अशाच टाका. दुसरं तारखेचं: फाईलचा प्रदेश अमेरिका असेल तर 10/06 म्हणजे ६ ऑक्टोबर होतो आणि 15/06 मजकूर म्हणून पडून राहतो. File → Settings → Locale मध्ये India निवडा, तेही पहिली नोंद भरायच्या आधी.

नवं पासबुक ‘मागील शिल्लक’ने सुरू होतं. जुनं पासबुकही भरलं असेल तर ती ओळ घेऊ नका, नाहीतर बचत दुप्पट दिसते. बँकेकडून गटाला मिळालेल्या कर्जाचं वाटप आणि परतफेड यांना वेगळे प्रकार द्या. त्यांचा व्याजदर निराळा असतो आणि अंतर्गत कर्जात मिसळले तर तपासणीचं पान सरसकट फरक दाखवू लागतं.