‘ब्लू कट’ चष्मा, सात महिन्यांनंतर

घर कळव्यात, ऑफिस ऐरोलीत, वय ३७, दिवसाचे नऊ तास एक्सेल. दुपारी चार वाजले की भुवयांवर ठणका आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर. म्हणून १,४०० रुपये मोजून शून्य नंबरचा ब्लू कट चष्मा घेतला.

भुललो त्या टॉर्चला. दुकानदार काचेवर निळसर टॉर्च मारतो, पलीकडच्या कार्डावर काही उमटत नाही आणि आपण खिशात हात घालतो. नंतर कळलं की ती टॉर्च खरं तर जांभळी, ४०५ नॅनोमीटरच्या आसपासची. स्क्रीनचा निळा प्रकाश सर्वात जास्त असतो तो ४५० च्या आसपास. म्हणजे अडवून दाखवलं ते भलतंच! शिवाय या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलेलं नाही.

तरी पहिल्या महिन्यात मी पाच तारे दिले होते, कारण चुरचुर थांबली होती. पण त्याच आठवड्यात जागा बदलून एसीचा झोत तोंडावरून गेला होता आणि मॉनिटरही चार बोटं खाली आला होता. नजर खाली असली की पापणी जास्त झाकते, डोळा कमी वाळतो. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याही कमी मिटतो, तेव्हा आठवणीने मिटायच्या. हे सगळं फुकटात. पाचाचे दोन तारे केले.

डोकेदुखी मात्र हटेना. रविवारी नाही, सोमवारी चारला हजर. दुकानातल्या मशीनवर नंबर शून्य, लांबचं ६/६. मग डोळ्यांत दोष कसा असेल, असं मी बायकोला ठणकावून सांगत होतो. तिनेच शेवटी वाशीला डॉक्टरकडे पाठवलं.

तिथे थेंब टाकून तासभर बसवलं. थेंबांनी डोळ्याचा फोकस करणारा स्नायू सैल पडतो आणि त्याने दाबून ठेवलेला नंबर बाहेर येतो. माझा निघाला प्लस १.२५. साठ सेंटीमीटरवरच्या स्क्रीनसाठी डोळ्याला साधारण १.६७ ची ताकद लावावी लागते. माझे डोळे जवळजवळ तीनची लावत होते, रोज नऊ तास. पंचविशीत हे खपून जातं, चाळिशीजवळ नाही. ओलाव्यासाठी घालतात त्या थेंबांनी वाळलेला डोळा ओला होतो, हा ताण जात नाही.

परतीच्या लोकलमध्ये मोबाईल वाचता येईना, उजेड टोचत होता. गाडी घरी ठेवून गेलो होतो म्हणून बरं.

तपासणीची फी ६००. फ्रेम मजबूत निघाली, त्यातच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नंबरच्या काचा ८५० मध्ये बसवल्या. तीन आठवड्यांत चारचा ठणका गेला. फ्रेमचा एक तारा वाढवून तीन.