एकटी राहणारी मांजर: खाण्याचं यंत्र, कॅमेरा आणि अंड्यांचा ट्रे, सात-आठ महिन्यांनंतर

पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटला सकाळी साडेआठला कुलूप लागतं, ते संध्याकाळी सातलाच निघतं. नवरा अंबडला कंपनीत, मी सीबीएसजवळ ऑफिसात, मुलगी शाळेतून थेट क्लासला. चिमी, म्हणजे आमची नसबंदी झालेली देशी मांजर, सासूबाईंच्या पायाशी दिवस काढायची. त्या सिन्नरला दिरांकडे राहायला गेल्या आणि थोड्याच दिवसांत आमच्या गादीवर मूत सापडायला लागलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही गेलात की ती दाराशी बसून रडते गं."

खरेदीआधी दवाखाना केला, कारण मूत्राशयाला सूज असली तरी मांजर असंच करते. चिमीची लघवी स्वच्छ निघाली. (बोका असेल, वाळूत पुन्हा पुन्हा बसत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मार्ग अडकलेला असू शकतो. तिथे एक दिवसही थांबायचं नाही.)

मग साधा घरातला कॅमेरा लावला. सगळ्यात उपयोगी पडला तो हाच. मला वाटत होतं ती दिवसभर कासावीस असते. प्रत्यक्षात आम्ही निघाल्यावर पहिला अर्धा तास ती दार ते गॅलरी फेऱ्या मारत ओरडायची, गादीवर जायची तीही त्याच वेळात. नंतर दुपारभर गाढ झोप, आणि चार-साडेचारला पुन्हा चुळबुळ. कॅमेऱ्यातून बोलायची सोय आहे, ती मात्र आम्ही बंद केली. माझा आवाज ऐकून ती पलंगाखाली, कपाटामागे मला शोधत सुटली आणि शेवटी परत दाराशी जाऊन बसली.

म्हणजे भरायचा होता तो पहिला अर्धा तास. ठरलेल्या वेळी वाटीत दाणे टाकणारं खाण्याचं यंत्र इथे एकटं पुरत नाही. वाटीत दाणे पडले की चिमी दोन मिनिटांत फस्त करते आणि पुन्हा मोकळी. उपयोगी पडला तो अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. निघण्याआधी दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस पळवायचं, शेवटी ते तिला पकडू द्यायचं आणि लगेच ट्रे समोर ठेवायचा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा मूळचा क्रम आहे. तो पुरा झाला की ती आपोआप आडवी होते. सुरुवातीला ट्रेच्या खळग्यांत दाणे उघडे ठेवले. ते जमल्यावर वर कागदाचे बोळे टाकले. आता साधारण १५ ग्रॅम दाणे पंजाने उकरून काढायला तिला वीस मिनिटं लागतात, आणि आम्ही तेवढ्यात जिना उतरून गेलेले असतो. काठी मात्र कपाटात बंद करून जायची. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो.

आता यंत्राबद्दल. चिमी ४ किलोची, दिवसाला ५५ ग्रॅम कोरडं खाणं हे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. यंत्र ग्रॅम ओळखत नाही, 'भाग' ओळखतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहिलं तर एक भाग ६ ग्रॅमचा निघाला, म्हणून दुपारी एकला एक भाग आणि साडेचारला दोन अशी वेळ लावली. उरलेलं सकाळच्या ट्रेमध्ये आणि रात्री आमच्यासमोर. साडेचारची चुळबुळ यानं खरंच कमी झाली. पावसाळ्यात मात्र डब्यातले दाणे सादळले आणि तोंडाशी चिकटून बसले. त्या दिवशी दुपारी काहीच पडलं नाही. आता दोन दिवसांपुरतंच भरते. लाईट गेली तर आत सेल हवेतच.

खिडकीला पक्की जाळी ठोकून आत फळी बसवली. पारव्यांवर तासन्‌तास नजर असते. पण खालच्या पार्किंगमधला बोका कठड्यावर यायला लागला तेव्हा ती फुगून गुरगुरायची, म्हणून काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवला. पाण्याच्या कारंज्याचे पैसे वाया गेले, ती अजूनही बादलीतूनच पिते.

गादीचा त्रास दीड-दोन महिन्यांत थांबला. गादी मूत्राचा वास मोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रवाने धुतली होती. नुसत्या फिनेलने वास तिच्या नाकातून जात नाही. दिवाळीत आम्ही सगळे घरी होतो, आणि सुट्टी संपल्यावर चार-पाच दिवस पुन्हा तेच झालं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीतही सकाळी ट्रे ठेवून तासभर बाहेर पडायचं ठरवलं आहे. काकू म्हणतात दुसरी मांजर आणा. पण ही तीन वर्षं एकटीच राज्य करत आलेली आहे, दुसरीशी तिचं जमेल याची खात्री नाही आणि तेवढी वाळूची ठिकाणं ठेवायला फ्लॅटमध्ये जागाही नाही.

पैसे मोजकेच असतील तर आधी कॅमेरा घ्या. ट्रे किराणा दुकानात फुकट मिळतो. घरी यायला आठ-नऊ वाजत असतील तरच यंत्राकडे वळा, आणि घेताना वाटी सुटी होऊन धुता येते का तेवढं बघा. आमच्या यंत्रातली प्लास्टिकची काढून मी स्टीलची बसवली आहे.