एक चेहरा, तीन फ्रेमा: घालून पाहिलेल्या फोटोंची तुलना

चष्म्याच्या दुकानात फ्रेमा घालून काढलेले फोटो नंतर शेजारी शेजारी ठेवले, की बहुतेक वेळा सगळ्यांत लहान फ्रेमच बरी वाटते. याचं कारण चेहऱ्यात नसतं. फोटो हात लांब करून काढलेला असतो, हे त्याचं कारण.

फ्रेम चेहऱ्याच्या पुढे असते आणि कानशिलं तिच्या साधारण ५ सेंमी मागे. कॅमेरा फ्रेमपासून ४० सेंमीवर धरला, तर कानशिलं ४५ सेंमीवर जातात. त्यामुळे कानशिलांच्या मानाने फ्रेम सुमारे १२ टक्के मोठी दिसते. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हाच फरक ३ टक्क्यांवर येतो. समोर बसून बोलणारा माणूसही साधारण तेवढ्याच अंतरावरून आपल्याला पाहतो, म्हणून निवडीसाठी दीड मीटरवरूनच फोटो काढा. मागचा कॅमेरा वापरा आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्या किंवा टायमर लावून कशाला तरी टेकवून ठेवा. फोटोत चेहरा लहान आला तर नंतर कापून मोठा करता येतो. त्यासाठी जवळ मात्र जाऊ नका.

आता एक चेहरा घेऊ. कानशिलांपाशी रुंदी १३८ मिमी, दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी ६३ मिमी, नंबर मायनस साडेचार. त्याच्यासमोर तीन फ्रेमा आहेत: काळी जाड चौकोनी, गोलसर टॉर्टॉइज म्हणजे कासवाच्या पाठीसारख्या तपकिरी ठिपक्यांची आणि बारीक सोनेरी धातूची. पहिल्या दोन ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या आहेत. काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात: एका काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी. पूर्ण रुंदी बहुधा लिहिलेली नसते. ती पट्टीने पुढच्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावी लागते.

| फ्रेम | छापील आकडे | पूर्ण रुंदी | ४० सेंमीवरून जणू | दीड मीटरवरून जणू |
|---|---|---|---|---|
| काळी | ५६-१८-१४५ | १४४ मिमी | १६२ | १४९ |
| टॉर्टॉइज | ४८-२०-१४५ | १३६ मिमी | १५३ | १४१ |
| सोनेरी | ५०-१९-१४० | १३२ मिमी | १४९ | १३६ |

शेवटच्या दोन स्तंभांत फ्रेम जणू किती मिमी रुंद दिसते ते आहे, ते आकडे १३८ मिमीच्या चेहऱ्याशी ताडून पाहा. सेल्फीत तिन्ही फ्रेमा चेहऱ्याबाहेर जातात आणि त्यातल्या त्यात सोनेरी कमी बाहेर जाते म्हणून तीच आवडते. दीड मीटरवरून चित्र पालटतं. टॉर्टॉइज जवळजवळ चेहऱ्याच्या कडेला येऊन थांबते, काळी दोन्हीकडे उघड बाहेर राहते आणि सोनेरी किंचित अपुरी पडते. अपुरेपणाची खात्री करायची असेल तर समोरच्या फोटोत काड्या पाहा. बिजागरीपासून कानाकडे जाताना त्या बाहेरच्या बाजूला फाकलेल्या दिसल्या, तर फ्रेम अरुंद आहे. अशी फ्रेम तासाभरात कानशिलांवर दाबू लागते आणि हळूहळू पुढे सरकते.

रुंदीनंतर डोळ्यांची जागा. फोटोतल्या एका काचेची रुंदी हीच मोजपट्टी धरा, कारण तिचं खरं माप काडीवर छापलेलं आहे. काळ्या फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांतलं अंतर ५६ अधिक १८, म्हणजे ७४ मिमी. पीडी ६३, म्हणजे प्रत्येक बाहुली काचेच्या मध्यापासून साडेपाच मिमी नाकाकडे. टॉर्टॉइजमध्ये हाच फरक अडीच मिमी आहे आणि सोनेरीत तीन. दोन-तीन मिमी नजरेला खटकत नाहीत, उलट बाहुली जराशी नाकाकडे असलेली चांगलीच दिसते. पाचच्या पुढे गेलं की डोळे जवळजवळ आल्यासारखे वाटतात.

हा फरक नुसता दिसण्याचा नाही. मायनस नंबरची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. काळ्या फ्रेममध्ये बाहुलीपासून बाहेरची कड साडेतेहतीस मिमी लांब पडते, टॉर्टॉइजमध्ये साडेसव्वीस. १.६० इंडेक्सची, म्हणजे साध्या काचेपेक्षा पातळ बनणारी काच धरली तरी काळीची बाहेरची कड सुमारे दीड मिमी अधिक जाड होईल. यातलं काहीच फोटोत दिसत नाही, कारण दुकानातल्या फ्रेममध्ये बिननंबरी काच असते. खरी काच बसल्यावर डोळे थोडे लहान दिसतील आणि काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली भासेल. काच जितकी रुंद, तितकं हे जास्त उघडं पडतं. मायनस तीनच्या वर नंबर असेल तर फोटोत मोठ्या काचेची फ्रेम कितीही खुलली, तरी हे मनात धरूनच तिला गुण द्या.

उभी जागा ताडताना कॅमेरा डोळ्यांच्या पातळीत हवा. तो वर धरला तर फ्रेम घसरल्यासारखी दिसते, खाली धरला तर भुवयांवर चढल्यासारखी. एका फ्रेमचा फोटो वरून आणि दुसरीचा समोरून असेल, तर ती तुलना सोडूनच द्या.

उजेडाचं काम वेगळं करा. दुकानातल्या पिवळसर दिव्याखाली टॉर्टॉइज फ्रेम काळपट दिसते. बाहेर नेल्यावर तिच्यातले मधासारखे ठिपके उजळतात आणि तीच फ्रेम कितीतरी हलकी वाटते. काळीचं उलटं होतं: उजेडात त्वचेशी तिचा विरोध वाढतो आणि चेहऱ्याआधी फ्रेम नजरेत भरते. चकचकीत सोनेरी धातूवर आकाशाचं प्रतिबिंब पडून वरची कड पांढुरकी होते, गव्हाळ त्वचेवर तर ती जवळजवळ विरघळते. काहींना नेमकं तेच हवं असतं.

हे पाहायला थेट ऊन नको. डोक्यावरच्या उन्हात वरच्या कडेची सावली डोळ्यांखाली पडते आणि काळी वर्तुळं असल्यासारखं दिसतं. मोकळ्या दाराशी सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि आतले दिवे बंद करा. तिन्ही फोटोंत हनुवटीखाली पांढरा कोरा कागद धरा. एका फोटोत कागद पिवळा आणि दुसऱ्यात निळसर आला असेल, तर फोनने रंग आपल्या मनाने बदलला आहे, ते फोटो पुन्हा काढा. ब्यूटी मोड बंद ठेवा, तो गाल बारीक करतो. पोर्ट्रेट मोडही नको, त्यात बारीक कड आणि काड्या पुसट होतात.

शेवटचा फोटो मनापासून हसून काढा. या चेहऱ्यासाठी टॉर्टॉइज पुढे आहे, पण हसताना गाल वर येऊन तिच्या खालच्या कडेला टेकले तर काचेवर सतत डाग पडतील आणि प्रत्येक हसण्याबरोबर फ्रेम उचलली जाईल. ॲसिटेटचा पूल आणि नाकावरचे टेकू एकाच तुकड्यात घडवलेले असतात, त्यामुळे ती वर उचलून बसवता येत नाही. सोनेरीचे नोज पॅड मात्र वाकवून एक-दोन मिमीने वर घेता येतात. म्हणून गाल टेकत असतील तर हीच सोनेरी फ्रेम ५२-१९ मापात मिळते का विचारा. तिची पूर्ण रुंदी १३६ मिमीपर्यंत जाईल, काड्या फाकणार नाहीत आणि बाहुली मध्यापासून चार मिमीवर राहील. तिचाही फोटो त्याच दाराशी, तोच कागद धरून काढा.