रात्रीच्या फोटोत दिव्यांचे हिरवे ठिपके: यूव्ही फिल्टर ठेवावा, बदलावा की काढावा?

नरिमन पॉइंटच्या टोकाला ट्रायपॉड लावून मी मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग टिपत होतो. एफ/8, आयएसओ 100, 8 सेकंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान वाटला. घरी संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा मलबार हिलच्या वरच्या काळ्या आभाळात फिकट हिरव्या ठिपक्यांची दुसरी रांग दिसली. खरी रांग फोटोच्या खालच्या भागात होती, तर ही वरच्या भागात आणि उलटी. खालच्या रांगेत सगळ्यात डावीकडे जो दिवा होता, त्याचा ठिपका वर सगळ्यात उजवीकडे होता.

अशा वेळी लेन्सवरचा फिल्टर काढावा की नाही, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पण त्याआधी दोष फिल्टरचाच आहे ना, याची खात्री करून घ्या, आणि ती फोटोवरूनच होते. फोटोच्या मध्यबिंदूतून दिव्यापासून सरळ रेषा ओढा आणि तेवढ्याच अंतरावर पलीकडे पाहा. फिल्टरचा ठिपका नेमका तिथे सापडतो. माझा फोटो 6000 × 4000 पिक्सेलचा होता. एक दिवा डावीकडून 4800 आणि वरून 2900 पिक्सेलवर होता, म्हणून त्याचा ठिपका 1200 आणि 1100 वर असायला हवा होता, आणि तो तिथेच होता. पाण्यातलं खरं प्रतिबिंब दिव्याच्या थेट खाली लांबट पट्ट्यासारखं पडतं, त्यामुळे त्यात आणि यात गल्लत होत नाही. दिव्याभोवती दुधाळ वलय असेल तर तो वेगळाच दोष: काचेवर बोटांचे ठसे, खारं दव किंवा धूळ असते, आणि मऊ कापडाने पुसलं की ते जातं. दिव्यातून निघणारे टोकदार किरण लेन्सच्या पात्यांमुळे येतात. फिल्टर काढला तरी ते राहणारच.

हे होतं कसं, ते कळलं की निर्णय सोपा जातो. दिव्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो, पण सेन्सर सगळा प्रकाश गिळत नाही. थोडा प्रकाश चकाकून उलट दिशेने लेन्समधून बाहेर निघतो. लेन्सची समोरची काच बहुधा वक्र असते, त्यामुळे तिथून परतलेला प्रकाश पसरतो आणि सहसा लक्षात येत नाही. फिल्टरची काच मात्र सपाट आणि सेन्सरला समांतर असते, म्हणून ती आरशासारखं काम करते. फोकस लांबवर असेल तर सेन्सरकडून परत निघालेले किरण समांतर होऊन फिल्टरवर आदळतात, तिथून वळतात आणि पुन्हा सेन्सरवर एका बिंदूत जमतात. म्हणूनच हा ठिपका इतका रेखीव असतो आणि मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडतो.

आता तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आहे तोच स्वस्त फिल्टर ठेवला तर काय? साध्या, कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो. दोन पृष्ठभाग मिळून 8 टक्के. सेन्सरकडून 5 टक्के प्रकाश परततो असं धरलं, तर ठिपका मूळ दिव्याच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतका उजळ होतो, म्हणजे 8 स्टॉप मंद. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये दिवा आसपासच्या अंधारापेक्षा याहून कितीतरी स्टॉप जास्त उजळ असतो, म्हणून काळ्या आभाळात ठिपका उठून दिसतो. दिवसा हाच फिल्टर बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, आणि म्हणून दोष आपल्या लक्षातच येत नाही.

दुसरा पर्याय चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरचा. दर पृष्ठभागाला परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आलं, तर एकूण 8 ऐवजी 1 टक्का उरतो, आणि ठिपका आणखी 3 स्टॉप मंद होतो. हा फरक डोळ्यांना स्पष्ट कळतो. तरीही दिवा खूप प्रखर असेल आणि मागे निव्वळ काळोख असेल, तर पुसटसा ठिपका राहू शकतो. त्यामुळे ‘महागडा घेतला, आता चिंता मिटली’ असं मी म्हणणार नाही. ज्यांना फिल्टर कायम लावून ठेवायचाच आहे, त्यांच्यासाठी मात्र हा पैसा योग्य ठिकाणी जातो.

तिसरा पर्याय, फिल्टर काढणं. सपाट आरसाच गेला की हे ठिपके पूर्ण जातात. मग गमावतो काय? अतिनील किरण रोखण्यापुरतं बोलायचं तर काहीच नाही. फिल्मच्या काळात डोंगरदऱ्यांच्या फोटोत निळसर धूसरपणा यायचा, तो कमी करायला हा फिल्टर उपयोगी होता. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरसमोरच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर असतो. आता यूव्ही फिल्टरचं काम उरलं ते काचेच्या राखणीचं.

आणि ही राखण काही ठिकाणी खरोखर लागते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ उभे असाल, तर उडणारं खारं पाणी थेट लेन्सवर येतं. तिथे फिल्टर काढू नका. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर गुलालात उभं राहायचं असेल तरी तसंच. तिथे फ्रेम माणसांनी आणि उजेडाने भरलेली असते, त्यामुळे ठिपके त्यात मिसळून जातात. शिवाय कॅननच्या ईएफ 17-40 एफ/4एल सारख्या काही लेन्समध्ये धूळ-पाण्यापासूनची बंदिस्ती समोर फिल्टर लावल्यावरच पुरी होते. अशी लेन्स पावसात वापरताना मल्टिकोटेड फिल्टरच बरा.

कोरड्या हवेत, ट्रायपॉडवर, काळ्या आभाळाखाली दिवे टिपायचे असतील तर मात्र माझं मत ठाम आहे: फिल्टर काढा आणि हूड लावा. हूड फ्रेममधल्या दिव्याचे ठिपके थांबवत नाही, कारण दिवा समोरच असतो. तो लावायचा तो काचेला धक्का लागू नये म्हणून आणि बाजूचा उजेड अडवायला. व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर यात हयगय करू नये. फोटोतले चार ठिपके नंतर पुसता येतात, पण कॅमेरा फिरवला की व्हिडिओतले ठिपके दिव्यांच्या उलट दिशेने सरकतात आणि ते साफ करताना जीव मेटाकुटीला येतो.

अजून शंका असेल तर ट्रायपॉड न हलवता, त्याच एक्स्पोजरवर एक फोटो फिल्टर लावून आणि एक काढून घ्या. दुसऱ्यातही ठिपके तसेच असतील तर ते लेन्सच्या आतल्या काचांमुळे आलेत. कॅमेरा थोडा फिरवून दिव्यांची जागा बदला. फिल्टर घट्ट बसला असेल तर चिमटीत आवळू नका, त्याने कडी वाकते आणि आटे आणखी अडकतात. कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळा, तळहात सपाट ठेवून कडीवर सगळीकडून सारखा हलका दाब द्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा.